आखाजीला पेटी उघडा

पेटीतला तो कागद 200 रुपयांचा दिसतो. वर कंपनीचं नाव, खाली आजोबांचं नाव, कोपऱ्यात फोलिओ नंबर, आणि मधे लिहिलेलं: 20 समभाग, प्रत्येकी दर्शनी किंमत 10 रुपये. घर आवरताना तो कुणाच्या तरी हाती लागतो, 'दोनशे रुपयांसाठी कुठं जळगावला खेटे घालायचे' असं म्हणून लग्नपत्रिकांच्या आणि लाइटबिलांच्या गठ्ठ्यात परत जातो. नशिराबादच्या जुन्या घरांत आणि आजूबाजूच्या खेड्यांत असे कागद आहेत हे मी बँकेतल्या नोकरीपासून पाहत आलो आहे. निवृत्तीनंतर लोक ते घेऊन माझ्या ओट्यावर येतात. हा लेख त्या कागदांसाठी आहे.

खानदेशात शेअर कुठून आले, असं मुंबईचे लोक विचारतात. त्यांना अमळनेर आठवत नाही. 29 डिसेंबर 1945 रोजी मोहम्मद हाशम प्रेमजींनी अमळनेरला तेलाच्या कारखान्यासाठी कंपनी काढली. नाव होतं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड. शेंगदाण्याचा मुलूख, तापी खोऱ्याची रेल्वे, बोरी नदीकाठचं गाव. वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण हा त्यांचा माल. 100 रुपयांचा एक शेअर, आणि तो घेणारे कोण, तर गावातले व्यापारी, शेतकरी, शिक्षक. 1966 मध्ये हाशमभाई वारले, तेव्हा अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकणारा त्यांचा 21 वर्षांचा मुलगा परत आला आणि त्यानं कारभार हाती घेतला. हीच कंपनी पुढे विप्रो झाली. म्हणजे कंपनीच मुळी वडिलांकडून मुलाकडे वारसानं आलेली. ज्या घरांनी त्या कंपनीचे कागद घेतले, त्यांच्यापैकी पुष्कळांना मात्र आपला वारसा नावावर करून घेणं जमलं नाही.

आता त्या 20 शेअरचं गणित मांडू. मी दोन-तीन घरांचे धागे एकत्र करून एक घर उभं केलं आहे, त्यामुळे माणसं कुणाचीही नाहीत. शेअरचा हिशोब मात्र विप्रोनं जाहीर केलेल्या बोनसचाच आहे. समजा आजोबांकडे 1993 मध्ये 10 रुपये दर्शनी किमतीचे 20 शेअर होते आणि 1994 मध्ये ते वारले. 1995 मध्ये एकास एक बोनस आला, 20 चे 40 झाले. 1997 मध्ये एकास दोन, 120 झाले. 1999 मध्ये 10 रुपयांच्या शेअरचे 2 रुपयांचे पाच तुकडे झाले, म्हणजे 600. 2004 मध्ये पुन्हा एकास दोन, 1,800. 2005 मध्ये एकास एक, 3,600. 2010 मध्ये तिनास दोन, 6,000. 2017 मध्ये एकास एक, 12,000. 2019 मध्ये तिनास एक, 16,000. आणि 2024 च्या अखेरीस एकास एक, 32,000.

पेटीतल्या कागदावर आजही 20 च लिहिलंय. कंपनीच्या वहीत त्याच फोलिओसमोर 32,000 आहेत. भाव 200 रुपये धरला तरी 64 लाख होतात. 1999 च्या विभागणीनंतर तो 10 रुपयांचा कागद तसाही जुना झाला. पण फोलिओवरची नोंद जुनी होत नाही. म्हणून कागद फाटका असो, त्यावर जुन्या कंपनीचं नाव असो, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला असो, फोलिओ नंबर वाचता येत असेल तर तो टाकू नका. फोलिओ नंबरही गेला असेल तर लाभांशाचं जुनं वॉरंट, कंपनीचा वार्षिक अहवाल आलेलं पाकीट, पासबुकातली जमेची एखादी ओळ, यांतलं काहीही चालतं. तिथून माग काढता येतो.

विप्रोचं नाव मोठं म्हणून ते आधी घेतलं. पण आपल्या गावाला लागून असलेल्या सिमेंट कारखान्याचंच पाहा. ओरिएंट पेपर कंपनीतून सिमेंटचा धंदा वेगळा झाला तेव्हा जुन्या भागधारकांना एकास एक सिमेंटचा शेअर मिळाला, आणि पुढे पंख्यांचा धंदा वेगळा झाला तेव्हा त्याचाही मिळाला. ज्याच्या घरी ओरिएंट पेपरचा जुना कागद आहे, त्याच्या नावे तीन कंपन्यांत नोंद असू शकते आणि पेटीत मात्र कागद एकच असतो. विप्रोचाही ग्राहकोपयोगी मालाचा धंदा 2013 मध्ये निराळ्या कंपनीत गेला, त्याचा हिशोब रजिस्ट्रारला वेगळा विचारावा लागतो.

मग हे शेअर गेले कुठे? आजोबा गेल्यावर लाभांशाचे चेक त्यांच्याच नावानं येत राहिले, बँकेत वटले नाहीत. मग घर बदललं, टपाल परत गेलं. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही तर कंपनी कायदा 2013 च्या कलम 124 प्रमाणे ते शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. लोक त्याला आयईपीएफ म्हणतात. तिथे गेल्यावर बोनस आला तर तोही तिथेच जमा होतो, लाभांशही तिथेच. गावात याला 'सरकारनं जप्त केलं' म्हणतात, आणि हीच समजूत सगळ्यात घातक आहे. जप्ती नाही ही. सरकार ते सांभाळून ठेवतं आणि खरा मालक किंवा वारस आला की परत देतं. मागायला मुदतही नाही.

मुदत नाही तर घाई कसली, असं तुम्ही म्हणाल. मला नेमकं तिथेच तुम्हाला थांबवायचं आहे. शेअर नासत नाहीत, पुरावा नासतो. आजोबांना ओळखणारी, 'हो, हे त्यांचेच, आणि त्यांना ही चार लेकरं' असं सांगू शकणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत. आणि वारस मात्र वाढत आहेत.

आपल्या नमुन्याच्या घरातच बघा. 1994 मध्ये आजोबा गेले तेव्हा वारस पाच: आजी, दोन मुलगे, दोन मुली. त्या वर्षी अर्ज केला असता तर पाच सह्या पुरल्या असत्या, सगळे एका घरात किंवा एका दिवसाच्या अंतरावर. 2003 मध्ये आजी गेली, तिचा वाटा चौघा भावंडांत आला. 2015 मध्ये थोरला मुलगा गेला. त्याचा वाटा त्याची बायको आणि दोन मुलांकडे आला. आज सह्या सहा लागतात: धाकटा मुलगा, दोघी आत्या, थोरली काकू आणि तिची दोन मुलं. मृत्यूचे दाखले एकाऐवजी तीन. वाटे असे पडतात की चौघा भावंडांचे प्रत्येकी 8,000 शेअर, आणि थोरल्याच्या 8,000 चे तीन भाग, जे पूर्णांकातही बसत नाहीत. थोरल्याचा एक मुलगा पुण्यात आहे, दुसरा आखातात. एक आत्या सत्तरी पार करून बसली आहे. आणखी दहा वर्षांनी हाच आकडा दहा-बारा सह्यांवर जाईल, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नसतील.

आत्यांचं नाव मुद्दाम घेतलं. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, आणि शेअर त्यातून सुटत नाहीत. 'बहिणींना काय विचारायचं' म्हणून प्रतिज्ञापत्रात त्यांची नावं गाळणारे मी पाहिले आहेत. ते खोटं प्रतिज्ञापत्र होतं, आणि उद्या भाचा उभा राहिला तर सगळं उलटतं. एका आत्याबाईंनी माझ्या ओट्यावर बसून जे म्हटलं ते मला अजून टोचतं: "मले काही नको रे बाबा, पन इचारा त खरं." गावातल्या मुस्लिम घरांत वाटे शरियतप्रमाणे निराळे पडतील, पण कागद हेच लागतात आणि बहिणींच्या सह्याही लागतात.

आता कागदांकडे. सर्टिफिकेटवर नावं किती आहेत ते आधी वाचा. आजोबांच्या जोडीला आजीचंही नाव असेल आणि आजी हयात असेल, तर काम सोपं: मृत्यूचा दाखला देऊन आजोबांचं नाव कमी करायचं, शेअर आजीच्या नावे राहतात. नाव एकच असेल आणि नॉमिनेशन असेल, तरी त्रास कमी. नाव एकच आणि नॉमिनेशन नाही, हीच आपल्याकडची सर्रास परिस्थिती, आणि तिथे सगळी मेहनत आहे.

तलाठ्याकडच्या वारसनोंदीची इथे गफलत होते. सातबाऱ्यावर फेरफार झाला, वारसांची नावं चढली, तो उतारा घेऊन लोक येतात आणि म्हणतात, सरकारनंच वारस ठरवले ना. ते शेतापुरतं. शेअरसाठी रजिस्ट्रार विचारतो रकमेप्रमाणे. सेबीनं 2022 मध्ये घालून दिलेल्या नियमात कागदी शेअरसाठी एका कंपनीमागे 5 लाखांपर्यंत आणि डीमॅटमधल्या शेअरसाठी 15 लाखांपर्यंत कोर्टात जायची गरज नाही. सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र, ज्यांना शेअर नको त्यांची नाहरकत, आणि स्टॅम्पपेपरवर नुकसानभरपाईचा बंध, एवढ्यावर भागतं. त्याच्या वर गेलं की दिवाणी न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला, मृत्युपत्र किंवा सक्षम अधिकाऱ्याचा वारस दाखला अशा भक्कम कागदाची मागणी होते. मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात रजिस्ट्रारकडून ताजा आकडा लेखी मागवा.

आपल्या नमुन्याचं घर 64 लाखांचं, म्हणजे जळगावच्या कोर्टाची पायरी. इथे एक चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की ती वेगळी सांगतो. वारस पेटीतला कागद घेऊन थेट वकिलाकडे जातात. वकील अर्जात लिहितो: अमुक कंपनीचे 20 शेअर. कोर्ट जाहीर नोटीस काढतं, हरकतीची मुदत जाते, काही महिन्यांनी दाखला मिळतो 20 शेअरचा. तो रजिस्ट्रारकडे गेल्यावर उत्तर येतं: फोलिओवर 32,000 आहेत, तुमचा दाखला 20 चा आहे. मग दाखला वाढवून घ्यायचा अर्ज, पुन्हा कोर्ट फी, पुन्हा तारखा. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी रजिस्ट्रारला पत्र लिहा, सोबत आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि तुमचं नातं दाखवणारा कागद जोडा, आणि विचारा: या फोलिओवर आज किती शेअर, त्यातले किती आयईपीएफकडे, बोनसचे किती परत आलेल्या टपालाच्या खात्यात पडून, लाभांश किती. ते उत्तर हातात आलं की मगच वकील. विप्रोचा रजिस्ट्रार हैदराबादची केफिन टेक्नॉलॉजीज आहे. इतर कंपन्यांचा रजिस्ट्रार त्यांच्या वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांवर सापडतो.

मृत्यूच्या दाखल्यापाशी अडणारी घरंही कमी नाहीत. आपल्या गावात पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. जुनी रजिस्टरं तिथेच विचारायची. मृत्यू नोंदलाच गेला नसेल, तर वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. आजीचा दाखला नाही म्हणून थांबलेलं एक घर मला ठाऊक आहे. आजोबांचा होता, काकांचा होता, आजीची नोंद कुणी केलीच नव्हती, कारण तिच्या नावावर काही नव्हतं. शेअरच्या वारसाहक्कात तीही एक वारस होती.

नावांचा घोळ तर विचारूच नका. सर्टिफिकेटवर इंग्रजीत आडनावाआधी दोन अक्षरं, दाखल्यावर मराठीत पूर्ण नाव. चौधरी हे आडनाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिलेलं मी एकाच घरात पाहिलं आहे. आजोबांच्या बाबतीत दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र लागेल. पण खरी अडचण जिवंत वारसाच्या नावाची आहे, आणि ती डीमॅट खात्यापाशी उघडी पडते.

डीमॅट खातं का लागतं? कारण 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअरची विक्री-खरेदी बंद झाली, आणि आयईपीएफमधून शेअर परत येतात ते थेट डीमॅट खात्यात. कागद परत मिळत नाही. म्हणून अर्ज करण्याच्या आधी ज्याच्या नावे शेअर घ्यायचे, त्याचं खातं तयार हवं. खातं दोन डिपॉझिटरींपैकी एकीत असतं, एनएसडीएल किंवा सीडीएसएल, आणि आपला संबंध येतो त्यांच्या सदस्याशी, म्हणजे बँक किंवा दलाल पेढीशी. मोबाइलवर दहा मिनिटांत खातं उघडतं असं जाहिराती सांगतात. तरुण मुलाचं उघडतंही. साठीतल्या काकूंचं उघडत नाही, आणि का उघडत नाही ते सांगतो.

ओळखीची तपासणी पॅन आणि आधार यांच्या नावावर उभी असते. काकूंच्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. जन्मतारीख एकीकडे 1 जानेवारी, दुसरीकडे शाळेच्या दाखल्यातली. पॅन आधारशी जोडलेलं नाही, म्हणजे ते निष्क्रिय. आधारला लागलेला मोबाइल जुना, सिमकार्ड बंद, त्यामुळे सही करण्यासाठी येणारा ओटीपी कुठेतरी हवेत जातो. यातलं एकही बिनसलं की ओळखनोंद अडकते. ही नोंद केआरए नावाच्या संस्थांकडे एकदाच होते आणि सगळे दलाल, सगळे म्युच्युअल फंड तीच वाचतात. तिथे स्थिती 'Validated' दिसली तर काम सरळ. 'On Hold' दिसलं तर नवा फॉर्म भरून उपयोग नाही, आधी कारण दूर करावं लागतं. म्हणून पहिलं काम आधार केंद्रात: स्वतःचा चालू मोबाइल जोडणं आणि नाव दुरुस्त करणं. मग पॅन त्याप्रमाणे करणं. मग खातं. नाव छापलेला रद्द चेक घ्या, नाव नसलेला चालत नाही. कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवायची वेळ येते तेव्हा काकूंनी घरी उजेडात बसावं, मुलानं मागून उत्तरं सांगू नयेत. तपासणी फेटाळली जाते ती याच कारणांनी.

आणि खातं उघडताना मोबाइल नंबर आणि ईमेल ज्याचं खातं त्याचाच. 'माझा टाका ना काकू, मी बघतो' असं म्हणणाऱ्या एजंटाचा नंबर त्यात गेला की विक्रीचा ओटीपीही त्याच्याकडेच जाणार. 64 लाखांची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

खातं तयार झालं, कोर्टाचा दाखला आला. यापुढे दोन टप्पे आहेत आणि पहिला झाल्याशिवाय दुसरा करता येत नाही. आधी कंपनीच्या वहीत वारसाचं नाव मान्य करून घ्यायचं. त्यासाठी वारसाच्या ओळखीचा फॉर्म ISR-1, बँकेनं सही साक्षांकित केलेला ISR-2, आणि मृताचे शेअर वारसाकडे द्या असं मागणारा ISR-5. सोबत मृत्यूचे तिन्ही दाखले, कोर्टाचा दाखला, मूळ सर्टिफिकेट, डीमॅट खात्याची क्लायंट मास्टर लिस्ट. ISR-2 साठी बँकेत गेलात की शाखेतला माणूस गोंधळतो. फॉर्मवर शाखाधिकाऱ्याचं नाव, पद, कर्मचारी क्रमांक आणि शिक्का असावा लागतो. एक रकाना कोरा राहिला तरी टपाल परत. शेअर अजून कंपनीकडेच असतील तर ते इथूनच खात्यात जायच्या वाटेला लागतात. आयईपीएफकडे गेलेले असतील तर रजिस्ट्रार पात्रता पत्र देतो: हा वारस इतक्या शेअरला आणि इतक्या लाभांशाला पात्र आहे.

मग दुसरा टप्पा, IEPF-5 हा फॉर्म, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in वर. भरायला फी नाही. भरल्यावर पावतीचा क्रमांक येतो. फॉर्मची प्रत, नुकसानभरपाईचा बंध, आगाऊ पावती आणि जोडपत्रं कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला टपालानं पाठवायची. कंपनी पडताळणीचा अहवाल सरकारकडे पाठवते आणि तिथे मंजुरी झाली की शेअर खात्यात, लाभांश बँकेत. एका आर्थिक वर्षात एका कंपनीसाठी एकच दावा करता येतो, हे ध्यानात असू द्या. शेअरचा दावा केला आणि लाभांश लिहायचा राहिला, तर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. नियमांत दिवस ठरलेले आहेत, पण प्रत्यक्षात त्रुटी निघतात, उत्तरं द्यावी लागतात, आणि कोर्ट धरून सगळ्याला वर्ष-दीड वर्ष लागलं तर नवल मानू नका. माझ्या ओळखीचं एक घर दुसऱ्या त्रुटीला कंटाळलं आणि पत्राला उत्तरच दिलं नाही. त्रुटी काय होती? प्रतिज्ञापत्रात एका मुलीचं लग्नानंतरचं नाव नव्हतं.

सहा वारसांनी सहा खात्यांत वाटून मागायचं की एकाच्या नावे घ्यायचे, हा घरचा प्रश्न. तुकड्यांमुळे बहुतेक घरं एकाच्या नावे घेतात, बाकीचे नाहरकत देतात. चालतं. पण मग तो एक जण बाकीच्यांना त्यांचे शेअर केव्हा आणि कसे देणार, हे साध्या कागदावर का होईना लिहून सगळ्यांनी सह्या करा. शेअर आल्यावर लिहायचं म्हणून ठेवू नका, आधी लिहा.

इथे नॉमिनीबद्दल एक गैरसमज मोडला पाहिजे, कारण पुढच्या पिढीचं भांडण त्यातच आहे. 'माझं नाव नॉमिनी म्हणून लागलंय, आता ते माझं.' नाही. कालनिर्णयकार जयंत साळगांवकरांनी 2011 मध्ये मृत्युपत्र केलं होतं, 2013 मध्ये ते गेले, आणि त्यांच्या काही शेअर व म्युच्युअल फंडांवर नॉमिनी म्हणून लागलेल्या व्यक्तींनी मालकी सांगितली. वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल लागला: नॉमिनी हा कंपनीपाशी पैसे घेणारा हात आहे, मालक कोण ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. तरीही नॉमिनी लावाच. नॉमिनी असेल तर कंपनी फार कागद न मागता शेअर मोकळे करते, आणि घरातला हिशोब घरात होतो. नॉमिनी नसेल तर तोच हिशोब कोर्टासमोर करावा लागतो.

म्युच्युअल फंडाची गोष्ट थोडक्यात, कारण ती नवी आणि सोपी आहे. तिथे कागद नाही, पण विसरणं तेच आहे. तरुण नोकरदार पोरगा अपघातात गेला, त्याची दरमहाची एसआयपी कुणाला ठाऊक नाही, असं आता घडू लागलंय. त्याच्या बँकेच्या पासबुकात दर महिन्याला एकाच तारखेला जाणारी एकच रक्कम शोधा. फंडांचे रजिस्ट्रार दोनच मोठे, कॅम्स आणि केफिन. विसरलेले फंड शोधण्यासाठी 2025 मध्ये सेबीनं त्या दोघांकडून 'मित्र' नावाची सोय सुरू करवली. एकट्याचं खातं असेल तर वारसानं T3 फॉर्म भरायचा.

आता एजंटांचं. शेअर सोडवून देतो, 25 टक्के द्या, असं म्हणणारे आता अमळनेर, धरणगाव, भुसावळ सगळीकडे फिरतात. काही प्रामाणिक असतील, मेहनतही करतील. पण यादी सरकारी संकेतस्थळावर, iepf.gov.in वर उघडी आहे, कंपन्यांच्या साइटवरही आहे. तुमचं नाव त्यात पाहूनच तो तुमच्या दारात आला आहे. कोर्टाच्या कामाला वकील लागेल, त्याची फी द्या. बाकी फॉर्म गावातला कुठलाही बीकॉम झालेला पोरगा भरू शकतो. कुणाच्याही हातात कोरं मुखत्यारपत्र आणि सही केलेली कोरी डिलिव्हरी स्लिप देऊ नका.

म्हणून माझी नशिराबादकरांना विनंती अशी. 2025 च्या जूनमध्ये पुण्यात आयईपीएफ प्राधिकरण आणि सेबी यांनी निवेशक शिबिर भरवलं. लोक कागद घेऊन गेले, रजिस्ट्रारची माणसं समोर बसली. जळगाव जिल्ह्याचा हक्क पुण्याहून कमी नाही. जिथून विप्रोची सुरुवात झाली, तो हा जिल्हा आहे. नगरपरिषदेनं ठराव करून असं शिबिर जळगावात मागावं. प्राधिकरण दिल्लीत आहे, त्याला पत्र लिहायला एक ठराव आणि एक पाकीट लागतं. तो मसुदा मी लिहून ठेवला आहे, ज्या नगरसेवकाला हवा त्यानं घेऊन जावा.

आणि शिबिराची वाट न बघता घरचं काम आखाजीला सुरू करा. मुद्दाम आखाजी म्हणतो. त्या दोन-तीन दिवसांत आपल्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधलेले असतात, पुण्या-मुंबईची पोरंही येतात. वर्षात सगळे वारस एका छपराखाली असतात ते तेव्हाच. पुरणपोळीचं जेवण झालं की पेटी ओट्यावर आणा. एका वहीत लिहा: कंपनी, फोलिओ, कागदावरचं नाव जसंच्या तसं, किती शेअर, कुठल्या सालचे. दुसऱ्या पानावर घरातल्या गेलेल्या माणसांची नावं आणि गेल्याच्या तारखा, प्रत्येकासमोर 'दाखला आहे' किंवा 'नाही'. तिसऱ्या पानावर हयात वारस, लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव, आधारला लागलेला मोबाइल. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून सगळ्यांना पाठवा, म्हणजे एकाच्या पेटीला वाळवी लागली तरी बाकीच्यांकडे राहील. आत्याला वहीवर पहिली सही करायला सांगा, कारण आजोबांची सही ओळखणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. मग रजिस्ट्रारला पत्र लिहा. ज्यांना लिहिता येत नसेल त्यांनी संध्याकाळी पाचनंतर माझ्या ओट्यावर यावं. येताना मूळ सर्टिफिकेट आणू नये, झेरॉक्स आणावी.